फॉर्ममधला नंबर टाइप कुणी केला, ते बघा

> "फेसबुकच्या फॉर्मवर लीड ८० रुपयांत येते, वेबसाइटच्या पानावर २५० पडतात. तरी फॉर्मच्या लीड कच्च्या का म्हणतात?"

लीड म्हणजे चौकशी करणाऱ्याचं नाव आणि नंबर. जाहिरातीवर टॅप केल्यावर फेसबुकमध्येच उघडणाऱ्या फॉर्ममध्ये हे नाव-नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरून येतात. स्क्रोल करता करता दोन-तीन टॅप झाले की लीड तयार. नंबर कधी जुना निघतो, कधी पलीकडून "मी कुठे काय भरलं?" असं ऐकू येतं. पानावर माणूस थांबतो, भाव वाचतो, दहा आकडे स्वतः टाइप करतो. ज्याला परवडणार नाही तो तिथेच गळतो.

म्हणून हिशेब पुढच्या पायरीवर करा. समजा, मॉड्युलर किचनचं काम आहे. ८,००० रुपयांत फॉर्मच्या १०० लीड आल्या आणि ५ जणांनी माप घ्यायला घरी बोलावलं, तर एक भेट १,६०० ला पडली. तेवढ्याच पैशांत पानावरून ३२ आल्या आणि ८ जणांनी बोलावलं, तर १,००० ला.

पण फॉर्म लगेच बंद करू नका. आधी फॉर्म बनवताना Higher intent प्रकार निवडा, त्यात पाठवण्याआधी माहिती तपासायची पायरी येते. "काम कधी सुरू करायचंय?" हा प्रश्न टाका. आणि फोन लगेच करा. संध्याकाळी लीडची शीट डाउनलोड करून केलेत तर माणूस विसरलेला असतो.

पानाचंही एक बघा: जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये Link clicks, म्हणजे लिंकवरच्या टॅपपेक्षा Landing page views, म्हणजे पान उघडल्याची संख्या फारच कमी असेल, तर बहुधा पान उघडायच्या आतच लोक परत जाताहेत.