शब्दचर्चा : हिरवा संत्रा 'कच्चा' की 'भरलेला'?

सासुरवाशीण : माहेर पुण्याचं, सासर वरुडजवळचं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सासऱ्यांनी बगीच्यातून पिशवीभर संत्री आणली. निम्म्याहून जास्त हिरवी होती. मी म्हटलं, "बाबा, ही कच्ची आहेत, पिकत ठेवू का तांदळात?" घरभर हशा. सासरे म्हणाले, "संत्रा पिकत नसते बाई, भरते. हा भरला आहे." आता दोन प्रश्न. फळ 'भरणं' म्हणजे नक्की काय, आणि ते 'पिकणं' याहून वेगळं आहे का? दुसरं म्हणजे हिरव्याला आपण सरसकट कच्चं म्हणतो ते चूक का? जाता जाता, इथे सगळे 'तो संत्रा' म्हणतात, आम्ही 'ते संत्रं' म्हणायचो. बरोबर कोण?

मास्तर (निवृत्त) : शेवटच्यापासून घेतो. दोन्ही बरोबर. विदर्भात संत्रा पुल्लिंगी, अनेकवचन संत्रे. पुण्याकडे नपुंसकलिंगी, अनेकवचन संत्री. शब्द फारसी 'संगतरा'वरून आला असं मानतात. 'नारंगी'चं मूळ संस्कृत 'नारंग'. आता 'हिरवा'. मराठीत हा शब्द रंगाचा आहे तसाच अवस्थेचाही आहे. 'अजून हिरवा आहेस' असं आपण पोराला म्हणतो तेव्हा त्याच्या रंगाबद्दल बोलत नसतो. आंबा, केळी, पपई या फळांनी आपल्याला हे शिकवलं, कारण त्यांच्यात हिरवेपणा आणि कच्चेपणा बरोबर जातात. संत्र्याला ही भाषा लागू होते का, ते बगीचेवाल्यांनी सांगावं.

बगीचेवाला : लागू होत नाही मास्तर. आंबा झाडावरून कच्चा उतरवला तरी आढीत पिकतो, कारण त्याच्यात पिठूळ साठा असतो आणि त्याची साखर पुढे होत राहते. संत्रा-मोसंबीत तसा साठाच नाही. तोडला त्या दिवशी जेवढी गोडी, तेवढीच. महिनाभर तांदळात ठेवा, साल सुकेल, गोडी वाढायची नाही. फार तर थोडा आंबटपणा कमी लागेल, म्हणून लोकांना वाटतं पिकला. त्यामुळे आमच्याकडे 'पिकला' कमी, 'भरला' आणि 'तयार झाला' जास्त. भरला म्हणजे फोडी रसानं टच्च, साल आतून ताणलेली.

रंगाचं गणित वेगळंच आहे. सालीतलं हिरवं द्रव्य मोडलं की खालचा पिवळा-नारिंगी दिसतो, आणि ते मोडायला रात्रीचा गारवा लागतो. तेरा-चौदा अंशांच्या खाली रात्री उतरायला लागल्या की दहा-पंधरा दिवसांत बगीचा रंगावर येतो. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि ऑक्टोबरपासून तोडायला येतो. ऑक्टोबरात आमच्याकडे थंडी कुठली? म्हणून आत फळ तयार आणि वरून हिरवं. मृग बहार पावसाळ्याच्या तोंडाशी फुलतो, अख्खा हिवाळा खातो आणि फेब्रुवारी-मार्चात पिवळाजर्द तुटतो. झाड तेच, माती तीच. रंग थंडीनं दिला.

तांब्याभर_पाणी : एवढं कशाला, घरी बादली घ्या. पाण्यात टाका. बुडलं ते भरलेलं, तरंगलं ते पोकळ. माझ्या आजीची परीक्षा.

बगीचेवाला : आजी अर्धी बरोबर, भाऊ. सालीसकट टाकलं तर बहुतेक चांगली संत्रीसुद्धा तरंगतात, कारण सालीत आणि साल-फोडींच्या मधल्या जागेत हवा असते. नागपुरी संत्र्याची साल तर मुळातच सैल. बुडण्याची वाट पाहाल तर एकही घेणार नाही. किती डोकं वर काढून तरंगतो ते पाहा. भरलेला जवळजवळ पाण्याच्या पातळीत राहतो, पोचट चेंडूसारखा वर उडतो. आणि मोसंबी मोसंबीशी, संत्रा संत्र्याशीच तोला. मोसंबीची साल घट्ट, ती नेहमीच पाण्यात जास्त खोल बसते.

सासुरवाशीण : मी आज करून पाहिलं, किराण्याच्या काट्यावर. मापाची दोन संत्री घेतली. दोरा गुंडाळला तर दोन्हींचा घेर २१ सेंटिमीटर. एक हिरवं, फक्त तळाशी पिवळसर. दुसरं बाजारातून आणलेलं, पूर्ण नारिंगी आणि दिसायला देखणं. हिरवं १४८ ग्रॅम भरलं, नारिंगी ११८. सोलल्यावर हिरव्याची साल ३४ ग्रॅम आणि फोडी ११४. नारिंगीची साल ३६ आणि फोडी ८२. म्हणजे साल जवळजवळ सारखी, फरक सगळा आतला. नारिंगीची साल हात लावताच निघाली, वरच्या बाजूला अंगठा जाईल एवढी पोकळी होती. चवीला फिकं, गोडही नाही आणि आंबटही नाही. हिरवं आंबटगोड होतं.

बगीचेवाला : बाई, तुमच्या काट्यानं तीस ग्रॅमचं उत्तर दिलं. ते नारिंगी वय झालेलं फळ आहे, किंवा तोडून बरेच दिवस झाले. झाडावर जास्त राहिलं की साल वाढत राहते, फोडी मागे पडतात, आंबटपणा ओसरतो आणि रसही. आमच्याकडे त्याला पोचट म्हणतात.

जूसवाला : आमच्याकडे मोसंबी सहा महिने चालते. ऑगस्ट-सप्टेंबरात येते ती जवळपास सगळी हिरवी. गिऱ्हाईक तोंड वाकडं करते, "कच्ची आहे, आंबट करसाल." मी एक कापून दाखवतो. हिरवी पण रसाळ. मी हातात दोन-दोन घेऊन बघतो, जड ती ठेवतो. साल पाहतो, बारीक दाण्याची आणि गुळगुळीत हवी. मोठ्या खड्ड्यांची, जाड, खरबरीत असली की ग्लास भरायला चार लागतात. आता माझी शंका. माझ्या बोर्डावर पोरानं इंग्रजीचं 'स्वीट लाइम' लिहिलं. एक साहेब म्हणाले, चूक आहे. मोसंबी तर लिंबाची जात ना?

मास्तर : नाही. आपली मोसंबी लिंबाची जात नव्हे, गोड संत्र्याची जात आहे, इंग्रजीत जिला 'स्वीट ऑरेंज' म्हणतात. 'स्वीट लाइम' असं आपल्या देशात दुकानांनी रूढ केलं. खरं गोड लिंबू वेगळं, आपण त्याला मिठा लिंबू म्हणतो. ते जवळपास आंबट नसतंच, आणि रसाच्या दुकानात क्वचित दिसतं. 'मोसंबी' हे नाव मोझांबिकवरून पडलं असं सांगतात. उलट नागपुरी संत्रा इंग्रजीत 'मँडरिन', सैल सालीचा. म्हणजे ज्याला आपण संत्रा म्हणतो तो त्यांचा 'ऑरेंज' नव्हे, आणि ज्याला ते 'स्वीट ऑरेंज' म्हणतात ती आपली मोसंबी. बोर्डावर मराठीत 'मोसंबी' लिहा आणि मोकळे व्हा.

अंगणवाला : माझी एक विचारणा. अंगणातल्या मोसंबीला चार वर्षांनी फळं लागली. मस्त पिवळी झाली, म्हणजे पिकली. पण तोंडात घालवत नाही इतकी आंबट. सगळे हिरव्याची वकिली करताय, पिवळ्याचं काय? खत कमी पडलं का?

बगीचेवाला : एक विचारतो. सालीवर गाठी-सुरकुत्या आहेत का? आत बिया भरपूर? आणि झाडाला लांब काटे?

अंगणवाला : तिन्ही हो. नवी पालवी जांभळट निघते.

बगीचेवाला : मग ती मोसंबी नाहीच, भाऊ. जंबेरी आहे, आंबट लिंबाची एक जात. मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, जंबेरीच्या मुळं धरलेल्या खुंटावर बांधतात. डोळा मेला आणि खुंटाला फूट आली, तुम्ही तिलाच चार वर्षं पाणी घातलं. बुंध्यापाशी डोळ्याच्या गाठीखालून ती फांदी निघालेली दिसेल. तिला खत घालून गोडी यायची नाही. ती पिवळी होणार आणि आंबटच राहणार. घरी लोणच्याला चालेल. पुढच्या वेळी गाठीखालच्या फुटी हिरव्या असतानाच काढत जा.

अंगणवाला : बापरे. बायको म्हणत होती, काटे जास्त आहेत.

विद्यार्थी : मग 'जड असलं की गोड' असं म्हणायचं का? आमच्या गावचा व्यापारी हेच म्हणतो.

बगीचेवाला : व्यापारी रसाचं बोलतो, गोडीचं नाही. ऑगस्टातला आंबिया संत्राही जड आणि हिरवा असतो, पण खाल तर दात आंबतील, कारण आंबटपणा अजून उतरला नाही. तो उतरायला झाडावर वेळ लागतो. वजनावरून रस कळतो, गोडीसाठी बहार आणि महिना विचारावा लागतो, आणि शेवटी एक सोलून तोंडात टाकावा लागतो. आणि सालीवरच्या काळ्या कोळशीला घाबरू नका, ओल्या फडक्यानं निघते. घासल्याचा तपकिरी डागही आत जात नाही. मी घाबरतो मऊ, पाणचट डागाला, तो आत जातो.

मास्तर : एक गोष्ट राहिली. हल्ली हिरवा संत्रा 'पिवळा केला' म्हणतात, आणि गिऱ्हाईक समजतं 'पिकवला'.

बगीचेवाला : तो शब्द मला खटकतो, मास्तर. बंद खोलीत थोडा इथिलीन वायू सोडला की हिरवं द्रव्य मोडतं. साल रंगली, पण आत जे होतं तेच राहिलं. तयार फळ असेल तर फसवणूक नाही, फक्त रंगसफेदी. कच्चं असेल तर देखणं आणि आंबट. ओळखायची खूण देठाजवळची टिकली. ताज्या फळावर ती हिरवी आणि घट्ट, खोलीतून आलेल्यावर बहुधा वाळलेली किंवा गळालेली. पण ही खूण पक्की नाही, खोलीत न ठेवलेल्या फळाचीही, जुनं झालं की टिकली वाळते.

कलमवाली : आमच्या मोर्शीकडं वजनाची भाषाच नवीन आहे. सासऱ्यांच्या काळात बगीचा हजारी भावानं जायचा, हजार संत्र्यांचे इतके. तेव्हा जड काय अन् हलकं काय, मोजणारा फक्त आकार अन् रंग पाहायचा. आता टनानं विकतो तर पोचट संत्र्यानं आमचंच नुकसान होते. 'भरला' शब्द तेव्हाही होता म्हणा, पण तो खाणाऱ्याचा शब्द होता.

सासुरवाशीण : हे छान आहे. पण मग 'पिकला' पूर्ण चुकीचा म्हणायचा का? आमच्या सासूबाई 'पिवया झाला' म्हणतात, रंग आणि तयारी एकच धरून.

मास्तर : सासूबाई चूक नाहीत, त्यांच्या घरी मृगाचा संत्रा येत असेल. तिथे दोन्ही खरं असतं. पण 'पिवया' आणि 'भरला' यांच्या मधला ऑक्टोबरचा संत्रा, ज्याला वऱ्हाडीत नेमकं नाव असायला हवं, ते मला माहीत नाही. कोणी ऐकलं आहे का?

जूसवाला : आम्ही त्याला 'हिरवा माल' म्हणतो.

बगीचेवाला : तो व्यापाऱ्याचा शब्द झाला. बगीच्यातला विचारतात मास्तर. आमच्या गड्याला विचारून सांगतो, तो तोडणीवर चाळीस वर्षं आहे.