मदत हवी आहे: होडीवरचं नाव होडीबरोबर जात नाही, मधेच पाण्यात राहतं

निवतीकर_पोरगा
अर्जंट आहे. नारळी पौर्णिमेच्या होड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ बनवतोय, उद्या रात्री मंडळाच्या ग्रुपवर टाकायचाय. प्रत्येक होडीच्या डोक्यावर तिच्या वाडीचं नाव पायजे आणि होडी जाईल तसं ते गेलं पायजे. यूट्यूबवर बघून ट्रॅकर लावला, सुरवातीला नाव मस्त चिकटतं आणि मग मधेच होडी पुढे जाते नि नाव मागे लाटांवर तरंगत बसतं. कितीही वेळा केलं तरी तेच. सेटिंग काय ठेवू एवढंच सांगा.

खाडीकाठ
कशात करताय ते तरी सांगा. मोबाईलवर की कंप्युटरवर?

निवतीकर_पोरगा
कंप्युटरवर, दाविंची रिझॉल्व्ह, फ्री वालं. त्यातलं फ्यूजन.

रत्नांग्री_निवृत्त
बाळा, होडीवर ट्रॅकर लावायचा तर मत्स्य खात्यात चौकशी कर. हल्ली उपग्रहावर चालणारे ट्रान्सपॉन्डर देतात, होडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. आमच्या पुतण्याच्या ट्रॉलरवर बसवलाय. पण शर्यतीच्या वल्ह्याच्या होडीला देतील असं वाटत नाही.

निवतीकर_पोरगा
काका व्हिडिओमधल्या होडीबद्दल विचारतोय 🙏

डीजे_एडिट्स_कणकवली
मोबाईलचं फुटेज आहे ना? मग झालं. मोबाईल व्हेरिएबल फ्रेम रेटमध्ये शूट करतो, त्यामुळे ट्रॅक सरकतो. आधी हे चालव आणि मग नव्या फाईलवर ट्रॅक कर, माझं प्रत्येक काम असंच चालू होतं:

```
ffmpeg -i hodi.mp4 -fps_mode cfr -r 30 -crf 16 hodi_cfr.mp4
```

गुहागरची_मुंबईत
कन्व्हर्ट करून घेतलं तर चांगलंच, पण हा आजार तो नाही. फ्रेम रेटची भानगड असेल तर आवाज नि चित्र पुढेमागे होतं. इथे नाव मधेच पाण्यात राहतंय, म्हणजे ट्रॅकरने होडी सोडून लाट पकडली. निवतीकर, चार गोष्टी सांगा. होडी कॅमेऱ्याकडे येतेय की आडवी जातेय? आतली चौकट होडीच्या कुठल्या भागावर ठेवलीत? `Adaptive Mode` काय आहे? आणि कुठल्या फ्रेमपासून ट्रॅक करताय?

निवतीकर_पोरगा
धक्क्यावरून शूट केलंय, हातात मोबाईल. होडी लांबून तिरकी येते आणि शेवटी एकदम जवळून जाते. चौकट भगव्या बावट्यावर ठेवली, सगळ्यात उठून तोच दिसतो. मोड `Every Frame`. ट्रॅक पहिल्या फ्रेमपासूनच करणार ना, अजून कुठून??

डीजे_एडिट्स_कणकवली
हातात मोबाईल?? मग आधी स्टॅबिलाइज कर.

गुहागरची_मुंबईत
डीजे, त्याची गरज नाही. हात हलला की होडी फ्रेममध्ये जिथे जाते तिथे ट्रॅकरपण जातो, म्हणजे तो हादरा नावाला आपोआप मिळतो. स्टॅबिलाइज करायचंच असेल तर ट्रॅकच्या आधी करा, नंतर केलंत तर होडी सरकेल आणि नाव जुन्या जागी राहील.

आता मूळ दुखणं. बावटा फडफडतो, दर फ्रेमला त्याचा आकार वेगळा. `Every Frame` मध्ये ट्रॅकर दर वेळी नवा तुकडा नमुना म्हणून घेतो, त्यामुळे बावटा थोडा दुमडला की चौकटीत मागचं थोडं पाणी येतं, पुढच्या फ्रेमला तेच पाणी नमुन्याचा भाग होतं, आणि असं करत करत होडी निसटते. ट्रॅकरच्या दृष्टीने काही चुकलेलं नसतंच. बाजूला इन्स्पेक्टरमध्ये नमुन्याचं छोटं चित्र दिसतं ना, ट्रॅक चालू असताना तिकडे डोळा ठेवा. भगवा कमी आणि निळं जास्त दिसायला लागलं की तिथेच थांबवायचं.

खाडीकाठ
मग होडीच्या कडेचा रंगाचा पट्टा घे की, सरळ आहे, फडफडत नाही. मी तेच घेतो.

गुहागरची_मुंबईत
पट्ट्याचा मधला भाग घेतलात तर नमुना पट्ट्यावरून मागेपुढे घसरेल, कारण दोन इंच पुढचा तुकडापण हुबेहूब तसाच दिसतो. पट्टा जिथे संपून नाळेला भिडतो तो कोपरा घ्या. तिथे उभी नि आडवी दोन्ही रेघ असते, म्हणून ट्रॅकरला जागा पक्की सापडते. फक्त पाण्याच्या रेषेपासून वर राहा, नाहीतर वल्ह्याचं पाणी उडून कोपरा झाकतो.

बाहेरची चौकट उगाच मोठी ठेवू नका. एका फ्रेममध्ये होडी जितकी सरकते त्याहून थोडी जास्त पुरे. मोठी केलीत की शेजारच्या होडीचा तसलाच कोपरा त्यात येतो आणि ट्रॅकर उडी मारतो.

आणि सुरवात शेवटाकडून करा. होडी सगळ्यात मोठी नि स्पष्ट दिसते त्या फ्रेमवर जा, तिथे चौकट ठेवा आणि उलटं ट्रॅक करा. लांबून येणाऱ्या इवल्याशा होडीत पकडायला काही नसतंच हो. मोड `Best Match` ठेवा.

जोडणी: `Text1` हे `Merge1` च्या हिरव्या टोकाला, मग `Merge1` च्या `Center` वर राइट क्लिक, `Connect To`, `Tracker1`, त्यात `Offset Position`. नाव नाळेवर येऊन बसेल, ते ट्रॅकरच्या `Y Offset` ने वर उचला. ट्रॅकच्या रेषेला हात लावू नका.

वेंगुर्ल्याची_शमा
शर्यत खूपच भारी दिसत असतली! आमच्याकडे ह्या वर्षी पावसान सगळा धुवून नेला. कुठची वाडी जिंकली?

निवतीकर_पोरगा
शमाताई व्हिडिओत बघा 😄
गुहागर ताई, उलटं केलं तर एकदम चिकटलं!! पण मध्ये एक पंचांची लाँच आडवी जाते, थोडा वेळ होडी दिसतच नाही, तिथे नाव लाँचबरोबर निघून जातं.

गुहागरची_मुंबईत
लाँच कोपऱ्याला शिवायच्या आधीच्या फ्रेमवर ट्रॅक थांबवा, पुढचे चुकलेले बिंदू काढून टाका. उलटं जाताय ना, म्हणजे लाँचच्या पलीकडे होडी परत दिसते तिथे चौकट त्याच कोपऱ्यावर हाताने ठेवा आणि तिथून परत ट्रॅक करा. मधल्या फ्रेमना तो एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकवत नेतो. लाँच पटकन गेली असेल तर डोळ्याला कळत नाही. बराच वेळ आड असेल तर मी नाव तेवढं फेड करते, लपलेल्या होडीवर नाव तरंगत ठेवून काय करायचंय.

डीजे_एडिट्स_कणकवली
प्लॅनर ट्रॅकर वापरा, होडीची अख्खी बाजू घ्या, मग लाँचबिंच काही नाही.

गुहागरची_मुंबईत
होडी सरळ जात असेल तर चालेल. ही तिरकी येऊन वळते, बाजूचा आकारच बदलतो. आणि लाँच आड आली की तिलापण मास्क करावं लागतंच.

खाडीकाठ
मला दुसरंच खटकतं. नाळ लाटेवर वरखाली होते, नावपण तसंच उसळणार. मोबाईलवर वाचणार कोण? मी आडवी हालचाल तेवढी ट्रॅकची घेतो, उंची हाताने ठरवतो.

गुहागरची_मुंबईत
मग ते होडीचं नाव वाटत नाही, काचेवर चिकटवल्यासारखं वाटतं. उसळू दे, अक्षर जरा मोठं ठेवा.

खाडीकाठ
नाही पटत.

निवतीकर_पोरगा
लाँचवालं झालं. आता शेवटचं, होडी जवळ येते तसं नाव मोठं व्हायला पायजे का?

गुहागरची_मुंबईत
एका बिंदूवर फक्त जागा कळते, आकार नाही. त्यासाठी नाळ आणि मागचं टोक असे दोन बिंदू लागतील, पण वळताना त्यांच्यातलं अंतर कमी होतं आणि होडी जवळ येत असून नाव लहान व्हायला लागतं. उद्या द्यायचंय ना? `Size` ला सुरवातीला एक नि शेवटी एक की-फ्रेम मारा आणि रेंडरला लावा.

रत्नांग्री_निवृत्त
नावं देवनागरीतच घाल रे.