मदत हवी आहे: लेकराची व्याकरणाची कार्यपत्रिका, उद्या सकाळी द्यायची आहे

मांजराकाठचा
नमस्कार. लेकराची कार्यपत्रिका सोडवून झाली, पण प्रत्येक उत्तराखाली 'कारण लिहा' असं छापलंय आणि तिथंच गाडी अडलीय. मागच्या वेळी उत्तरं बरोबर असून कारण नाही म्हणून अर्धेच गुण मिळाले. प्रश्न 2 मधलं चौथं आणि प्रश्न 3 मधलं पहिलं कुणी सांगेल का? लवकर सांगा, उद्या दहाच्या आत द्यायचंय.

गोदाकाठची
अहो, प्रश्न तर टाका. तुमच्या घरातला कागद आम्हाला कसा दिसणार? आणि कितवीचं, मराठीचं का इंग्रजीचं?

परीक्षार्थी_परभणी
इंग्रजी असेल तर सोपंय. वेळ नेमकी दिली की 'सिन्स', कालावधी दिला की 'फॉर'. तलाठी भरतीच्या तयारीत हे मी पाठच करून टाकलं होतं.

मांजराकाठचा
मराठीचंच आहे हो, सातवीचं. घ्या:
प्रश्न 2, वाक्य दुरुस्त करा: 'आईने मुलीला शाळेत सोडली.'
प्रश्न 3, जात ओळखा: 'मांजर वर चढले' आणि 'मांजर झाडावर चढले' यातला 'वर'.
लेकरानं पहिल्याला 'वाक्य बरोबर आहे' लिहिलंय. मलाही बरोबरच वाटतंय.

परीक्षार्थी_परभणी
बरोबरच आहे. कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. कर्म मुलगी, म्हणून 'सोडली'. कार्यपत्रिका छापणाऱ्याचीच चूक.

औशाचे_गुरुजी
अर्धा नियम सांगितलात. कर्म बदलून बघा. 'आईने मुलगा सोडला, मुलगी सोडली, लेकरू सोडले.' इथं क्रियापद कर्मामागं पळतंय. आता कर्माला 'ला' लावा: 'मुलाला सोडले, मुलीला सोडले, लेकराला सोडले.' पळणं थांबलं ना? आईच्या जागी बाप घातला तरी 'सोडले'च राहतं. क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही, कर्माचंही नाही, म्हणून ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. हा भावे प्रयोग.
लेकराला कारण असं लिहायला लावा: 'कर्त्याला ने आणि कर्माला ला लागला आहे, म्हणून क्रियापद सोडले असे होईल.' नुसतं 'भावे प्रयोग' लिहिलं की पाठ केल्यासारखं दिसतं.

गोदाकाठची
गुरुजी, पण आमच्याकडं सगळे 'तिला शाळंत सोडली' असंच बोलतात की. मग आम्ही काय चुकीचं बोलतो?

औशाचे_गुरुजी
बोलण्यात खुशाल चालू द्या ताई. मीसुद्धा घरी तसंच बोलतो. कार्यपत्रिकेत मात्र लेखी मराठी मागतात.

नुसता_वाचक
'सोडली' मधला 'ली' दीर्घच असतो. ऱ्हस्व लिहू नका.

मांजराकाठचा
ते कुणी विचारलंच नाही भाऊ. गुरुजी, 'ला' चं कळलं. पण पहिल्या प्रश्नात एक गाळलेली जागा आहे: 'राजू कविता ____ (विसरणे).' लेकरानं 'विसरली' भरलंय, कर्म कविता म्हणून. हे तरी बरोबर ना?

परीक्षार्थी_परभणी
'ने' नाही, म्हणून 'विसरला'. कर्त्याला 'ने' नसला की क्रियापद कर्त्याप्रमाणेच.

औशाचे_गुरुजी
उत्तर बरोबर, कारण कच्चं. 'मी आंबा खाल्ला' मध्ये तरी 'ने' कुठं दिसतोय? बाई बोलली तरी 'मी आंबा खाल्ला', आणि चिंच असेल तर 'मी चिंच खाल्ली'. क्रियापद कर्माचंच ऐकतंय. म्हणून 'ने' शोधत बसू नका, कर्ता बदलून बघा. 'राजू कविता विसरला, रमा कविता विसरली.' कर्ता बदलला की क्रियापद बदललं, म्हणजे कर्तरी. विसरणे, शिकणे, बोलणे यांना कर्म असलं तरी भूतकाळात ती कर्त्याप्रमाणेच चालतात. 'वाचणे' असतं तर 'राजूने कविता वाचली' झालं असतं.

मांजराकाठचा
आणि 'वर'?

गोदाकाठची
हे मी सांगते. 'वर चढले' मध्ये तो एकटा उभा आहे आणि कुठं चढले ते सांगतोय, म्हणून क्रियाविशेषण. 'झाडावर' मध्ये झाडाला चिकटलाय, त्यासाठी 'झाड' चं 'झाडा' झालं, म्हणून शब्दयोगी. शब्द तोच, काम वेगळं. कारणात 'झाड' चं 'झाडा' झालं हे नक्की लिहा.

परीक्षार्थी_परभणी
मग 'वरचा मजला' मधला 'वरचा'?

औशाचे_गुरुजी
विशेषण. मजल्याबद्दल सांगतोय ना.

परीक्षार्थी_परभणी
पण 'चा' तर षष्ठीचा प्रत्यय. 'झाडाचा' ला तुम्ही विशेषण म्हणत नाही, मग 'वरचा' लाच का?

मांजराकाठचा
ते कार्यपत्रिकेत नाहीये, तुम्ही दोघं सावकाश बोला. लेकरू पेंगायला लागलंय, त्याला आधी 'सोडले' लिहायला बसवतो.