कडा मोकळ्या, तरीही केमो? रिपोर्टमधील तीन नोंदींचा अर्थ

खानापूरकर: माझ्या दाजींच्या गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. रिपोर्टनुसार काढलेल्या भागाच्या कडा 7 मिमी रोगापासून मोकळ्या आहेत, पेरिन्युरल इन्व्हेजन आहे, लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन नाही, मानेतील दोन गाठींत कर्करोग असून एकीत एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन 3 मिमी आहे. सगळे काढले असेल, तर रेडिएशन आणि त्यासोबत केमो कशासाठी?

चिकोडीची वाचक: पेरिन्युरल म्हणजे रोग नसेत शिरला, म्हणजेच रक्तातून अंगभर पसरला.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, बेळगाव: ताई, शिरला हे बरोबर, रक्तातून हे नव्हे. आपण ‘नस’ शिरेलाही म्हणतो आणि मज्जातंतूलाही. येथे मज्जातंतू अभिप्रेत आहे. काचपट्टीवर कर्करोगाच्या पेशी मज्जातंतूच्या आवरणात किंवा त्याच्या परिघाचा निदान एक तृतीयांश भाग वेढून दिसल्या, तर आम्ही ही नोंद करतो. नुसता शेजार पुरत नाही. लिम्फोव्हॅस्क्युलर नोंदीसाठी पेशी रक्ताच्या किंवा लसिकेच्या वाहिनीच्या पोकळीत दिसाव्या लागतात. नमुना प्रक्रियेत आकसला, की पेशींच्या पुंजक्याभोवती खोटी पोकळी दिसते. तेव्हा वाहिनीचे अस्तर रंगवणारी विशेष चाचणी उपयोगी पडते. ही नोंद असली, तरी रोग इतर अवयवांत पोहोचलाच असे सिद्ध होत नाही.

दाजींच्या बाबतीत निर्णायक आहे ती तिसरी नोंद, एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन. रोगाने लसिका गाठीचे आवरण भेदून तो भोवतालच्या चरबीत 3 मिमी गेला आहे. मोकळी कडा मूळ जागेबद्दल सांगते, मानेतील त्या चरबीत न दिसणाऱ्या पेशी उरल्या आहेत का, हे सांगत नाही. डोके व मानेच्या कर्करोगात 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि अमेरिकेतील दोन चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, रेडिएशनला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध जोडण्याचा लाभ मुख्यतः आवरण भेदलेल्या किंवा कडा बाधित असलेल्या रुग्णांत दिसला. केवळ पेरिन्युरल असते, तर केमोचा विषय बहुधा निघाला नसता.

निपाणीकर: आमच्या वहिनींच्या स्तनाच्या रिपोर्टमध्ये लिम्फोव्हॅस्क्युलर ‘आहे’ असे होते, तरी केमो दिली नाही. मग चूक कोणाची?

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, बेळगाव: कोणाचीच असेल असे नाही. स्तनाच्या कर्करोगात गाठीचा आकार, हार्मोन रिसेप्टर, हर-टू आणि काखेतील गाठी पाहूनच केमो ठरते. ही एक नोंद एकटीने सहसा निर्णय फिरवत नाही. एका अवयवाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

खानापूरकर: दाजींचे वय 71 आहे. झेपेल का?

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, बेळगाव: हा खरा प्रश्न आहे. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंड आणि श्रवणशक्तीला इजा होऊ शकते, म्हणून आधी क्रिएटिनिन आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. सत्तरीनंतर केमोचा जादा लाभ तितका स्पष्ट राहत नाही, त्यामुळे केवळ रेडिएशनचा पर्यायही विचारा. मात्र ते शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हावे.

चिकोडीची वाचक: आणि 3 ऐवजी 1 मिमी असते तर?

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, बेळगाव: 2 मिमीपर्यंतच्या भेदाला किरकोळ म्हणतात. त्याला केमो द्यावी की नाही, यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही.