मदत हवी आहे : घरीच दहा दिवस ध्यान, कांदा-लसूण-चहा बंद. जेवणाची आखणी कशी करू?

कोथरूडची

नमस्कार मंडळी. श्रावणात दहा दिवस घरीच ध्यानाला बसायचं ठरवलं आहे. शिबिरं आधी केलेली असल्यामुळे बसण्याची सवय आहे, अडचण आहे ती जेवणाची. पहाटे साडेचार ते रात्री नऊ असं वेळापत्रक आहे. नाश्ता साडेसहाला, जेवण अकराला आणि संध्याकाळी पाचला काहीतरी हलकं. घरात नवरा, मुलगा आणि सासूबाई नेहमीचंच जेवणार. माझं मला करून घ्यायचंय, दिवसाला फार तर तासभर.

मागे तीन दिवस करून पाहिलं होतं. कांदा-लसूण नको म्हणून बिनकांद्याचं पिठलं, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, एक दिवस साबुदाणा असं केलं. रोज दुपारी पेंग यायची, पोट फुगायचं आणि दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की बसताच येईना. रोज तीन कप चहा असतो, तो पहिल्याच दिवशी बंद केला होता. कुठे चुकलं? बसायला अजून तेरा दिवस आहेत.

नदीकाठचा

ताई, यात एवढा विचार कशाला? उपासाचे पदार्थ सात्त्विकच असतात, कांदा-लसूण कशातच नसतो. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू आलटून पालटून करा. जोडीला मोड आलेले कच्चे मूग वाटीभर खा, म्हणजे ताकदही राहील.

तूपभात

कोथरूडच्या ताई, कांदा-लसूण काढल्यामुळे तुमचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी जे आलं, त्याने घोटाळा केला. आपल्या स्वयंपाकात कांदा गेला की भाजी पातळ आणि बेचव वाटते. मग आपण न कळत दाण्याचं कूट, सुकं खोबरं, बेसन आणि मिरची वाढवतो. पिठलं आणि दाण्याची आमटी दोन्ही कांद्याच्या मसाल्याइतकीच किंवा त्याहून जड पडतात. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्याला ती पचायला चार-पाच तास सहज लागतात, आणि तुमची दुपारची बैठक नेमकी त्याच वेळात येते.

नदीकाठचे भाऊ म्हणतात त्यातलं राजगिरा आणि वरई थोड्या प्रमाणात ठीक आहे. पण उपासाचं ते सात्त्विक असं समीकरण नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात कूट आणि तूप पडलं की झोप ठरलेली. कच्च्या मोडांनी बसलेल्या माणसाला गॅस होतो, ते निदान वाफवून तरी घ्यावेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहार रसाळ आणि स्निग्ध सांगितला आहे. म्हणजे कोरडं-कोरडं खाऊन राहायचं नाही. तूप हवं, फक्त तळण नको.

आता डोकेदुखीचं. ती जेवणाची नव्हती, चहाची होती. रोजचं कॅफीन एकदम सुटलं की 12 ते 24 तासांत डोकं धरतं, पहिल्या-दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात जास्त असतं आणि पूर्ण जायला कधी आठवडाही लागतो. म्हणून सोडायचं काम बसण्याआधी करा. तेरा दिवस पुरेसे आहेत. पहिले चार दिवस दोन कप, पुढचे तीन दिवस सकाळचा एक, मग तीन दिवस अर्धा कप आणि शेवटचे तीन दिवस काहीच नाही. कप घरातला नेहमीचाच धरा, मोठा मग नको. चहाऐवजी ग्रीन टी घ्याल तर उपयोग नाही, त्यातही कॅफीन असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही असतं, घेण्याआधी पाकिटावर वाचा. कोको आणि चॉकलेटही त्यातच आलं.

पेठेतला

हे ध्यान नेमकं कोणत्या पद्धतीचं आहे? विपश्यना असेल तर स्वारगेटजवळ केंद्र आहे, मरकळलाही आहे. तिथेच जा ना, जेवणाचा प्रश्नच येणार नाही.

कोथरूडची

काका, सासूबाईंना एकटं ठेवून दहा दिवस बाहेर राहणं आत्ता शक्य नाही, म्हणून तर घरी.

तूपभात, चहाचं लगेच सुरू करते. पण एका दिवसाचं जेवण मापासकट सांगाल का? तासाभराच्या हिशोबात बसेल असं.

तूपभात

तासाचे दोन तुकडे करा. सहाला वीस मिनिटं आणि सव्वादहाला चाळीस. सकाळी सगळं करून झाकून ठेवलं तर अकरापर्यंत भात गोळा होतो, भाजी काळपट पडते आणि परत गरम करत बसावं लागतं. गीतेतही शिळं ते तामस म्हटलंय, त्यात हेच आलं.

सहाला मऊ भात. पाव वाटी इंद्रायणी किंवा आंबेमोहर, त्यात एक चमचा मूगडाळ, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि मीठ. चार शिट्ट्या, मग वाफ आपोआप उतरू द्या. वरून एक चमचा तूप आणि अर्धा चमचा मेतकूट. मेतकुटात हरभरा आणि उडीद असतात, पण भाजलेले आणि अर्धाच चमचा, त्याने पोट बिघडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा आला तर दलियाची पातळ लापशी किंवा बिनकांद्याचा मऊ उपमा करा. उपम्याला अर्धी वाटी भाजलेला रवा आणि दीड वाटी पाणी घ्या. पाणी कमी पडलं की रवा पोटात फुगतो.

सव्वादहाला कुकर लावा, खाली पाव वाटी मूगडाळ आणि वरच्या भांड्यात पाव वाटी तांदूळ. तोवर भाजी. दुधीचं उदाहरण घेऊ. पावशेरातला कोवळा तुकडा, साधारण 200 ग्रॅम. चिरल्यावर आधी एक कच्ची फोड जिभेवर ठेवा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या, शिजवून किंवा गूळ घालून वाचवू नका, कडू दुधीने उलट्या होऊन माणूस दवाखान्यात जातो. गोडसर असेल तर एक चमचा तुपात जिरं, अर्धा इंच किसलेलं आलं, दोन चमचे भिजवलेली मूगडाळ आणि फोडी टाका. झाकणावर पाणी ठेवून बारीक आचेवर पंधरा मिनिटं शिजू द्या. पाणी घालायची गरज नाही, दुधी स्वतःचं सोडतो. शेवटी एक चमचा ओलं खोबरं. चव येते ती आल्या-जिऱ्याने आणि वरून पिळलेल्या लिंबाने, कांद्याची आठवण होत नाही.

भाकरी ज्वारीची, सुरुवातीला दोन. सोबत वरण, भाताची एक मूद आणि वाटीभर पातळ ताक, म्हणजे एका भागाला तीन भाग पाणी. पोटाचे चार भाग धरावेत, दोन अन्नाला, एक पाण्याला आणि चौथा मोकळा, असं अष्टांगहृदयात आहे. व्यवहारात खूण सोपी आहे. ताटावरून उठताना अजून अर्धी भाकरी गेली असती असं वाटलं पाहिजे. हालचाल कमी असल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भूक आपोआप घटते. तेव्हा भाकरी एकच करा, सवयीने दोन वाढून घेऊ नका.

पुढचे दिवस दोडका, पडवळ, लाल भोपळा, घोसाळं आणि परत दुधी असे फिरवा. मंडईत श्रावणात या सगळ्या मिळतात. फ्लॉवर, कोबी, गवार, वाल, मटकी आणि छोले दहाही दिवस नकोत. पालेभाजी पावसाळ्यात नीट धुतली जात नाही, ती राहू द्या.

पाचला एक फळ किंवा वाटीभर साळीच्या लाह्या. दूध घ्यायचं तर फळासोबत नको, तासाभराने. जायफळ घालायचा मोह आवरा, रात्रीच्या बैठकीत डुलक्या येतात.

डॉक्टरांची_सून

माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि तेही असं काही करायचं म्हणतात. अकराला जेवण आणि पाचला नुसतं फळ चालेल का? गोळी सकाळ-संध्याकाळ असते.

तूपभात

ताई, त्यांना हा आराखडा जसाच्या तसा देऊ नका. काही गोळ्यांनी जेवण कमी झालं की साखर एकदम खाली येते, घाम आणि थरथर सुटते. रात्री तर झोपेत कळतही नाही. डोस कधी आणि किती बदलायचा हे त्यांच्या डॉक्टरांनीच आधी ठरवायला हवं. संध्याकाळचं जेवण तर सोडूच नये.

शनिवारवाडा_सायकल

एक राहिलं, पोट साफ होण्याचं. दिवसभर बसून चौथ्या दिवशी हमखास अडतं. रात्री दहा-बारा काळ्या मनुका भिजत घाला, सकाळी चावून खा आणि ते पाणीही प्या. दिवसभरात पाणी बैठकांच्या मधे प्या, जेवताना घटाघटा नको. मऊ भातातलं तूप कमी करू नका, त्याचाही यात हात असतो.

आणि घरातल्या लोकांसाठी त्याच ओट्यावर लसणाची फोडणी पडणार असेल तर चिरायची फळी आणि कढई वेगळी ठेवा. लाकडी फळीत कांद्याचा वास मुरतो, दुधीलाही लागतो. मसाल्याचा डबाही वेगळा ठेवा, नाहीतर कांदा-लसूण मसाल्याचा चमचा चुकून हळदीत जातो. विकतची चटणी, पापड आणि फरसाण यांत लसूण असतो, पाकीट वाचल्याशिवाय नको.

नदीकाठचा

साबुदाण्याचं पटलं. पण मग हिंगाचं काय? आमच्याकडे सोवळ्याच्या स्वयंपाकात हिंग चालतो, पण काही जण ध्यानात तोही वर्ज्य मानतात. तो उत्तेजकच आहे म्हणतात.

तूपभात

यावर दोन मतं आहेत आणि दोघांकडे आपापली परंपरा आहे. मी वरणात चिमूटभर ठेवतो, वात धरत नाही म्हणून. बाजारचा हिंग बहुतेक वेळा मैदा आणि डिंक मिसळलेला असतो, म्हणजे चिमटीत खरा हिंग थोडाच येतो. तुमच्या गुरुजींनी नको सांगितलं असेल तर त्याऐवजी ओवा किंवा जिरं जरा जास्त घाला.

शनिवारवाडा_सायकल

मी हिंगाच्या बाबतीत सहमत नाही, पहिल्या तीन दिवसांत तोही बंद ठेवून बघावा. मूगडाळीला तसा फारसा लागत नाही.

कोथरूडची

हिंग आधी ठेवेन, अडचण वाटली तर काढेन. अकराव्या दिवशी नवऱ्याने मिसळीचा बेत ठरवलाय, तो आजच रद्द करते. त्या दिवशी कांदा चालेल का, की अजून काही दिवस थांबू?

तूपभात

अकराव्या दिवशी मूगडाळीची खिचडी. बाराव्याला भाजीत थोडा शिजलेला कांदा, कच्चा नको. चहा परत सुरूच करायचा असेल तर अर्ध्या कपापासून. दहा दिवसांनंतर पूर्ण कप घेतला तर काहींना छातीत धडधड होते आणि रात्री झोप लागत नाही. मिसळ आठवड्याने करा. नवऱ्यालाच मोड आणायला सांगा, मटकीला मोड यायला नाहीतरी दोन दिवस लागतातच.