सेटलमेंटला मराठीत काय म्हणाल? वस्ती, वसाहत की ठाणं?

गिरगावकरीण: रविवारी आमच्याकडे कटान हा फाशांचा बोर्डगेम खेळतात, सासूबाईंना पण बसायचंय म्हणून नियम मराठीत लिहून काढतेय. सेटलमेंटला 'वस्ती' लिहिलं तर त्या म्हणाल्या, अगं वस्ती म्हणजे झोपडपट्टी. मग 'वसाहत'?

पाटावरचा_भिडू: वसाहत म्हणजे पोलीस वसाहत, रेल्वे वसाहत. दोन रस्त्यांच्या टोकाला एकुलतं घर ठेवायचं, त्याला ठाणं म्हणा.

मुलुंडकर: ठाणं नको, आमच्या पलीकडे आधीच एक आहे 😀 वस्तीत वाईट काय? रात्री गावात थांबते ती वस्तीची एसटी, तिच्यात कुठली झोपडपट्टी?

गिरगावकरीण: बरं. पुढचं अडलेलं वाक्य, 'जास्त संभाव्यतेच्या आकड्यांवर ठेवा'. मी तसंच केलं आणि हरले. पहिली वस्ती दगड ८, गहू ५, मेंढी १० वर. दुसरी गहू ६, दगड ९, मेंढी ११ वर. आकड्यांखालचे ठिपके मोजले, १२ आणि ११, एकूण २३.

पाटावरचा_भिडू: संभाव्यता नको, 'दान' म्हणा. दोन फाशांत ८ चं दान ३६ पैकी ५ वेळा, ५ चं ४ वेळा, ठिपके तेच सांगतात. तुमचे सहाही आकडे वेगळे, म्हणजे ३६ पैकी २३ दानांना हातात काहीतरी येणारच. पण लाकूड नाही, वीट नाही, रस्ता कशाचा बांधणार?

मुलुंडकर: तेच! पाचही माल हवेतच, नाहीतर हरलात.

पाटावरचा_भिडू: हवेतच असं नाही. तीन दगड दोन गव्हाचं शहर होतं, एकेक दगड-गहू-मेंढीचं कार्ड मिळतं, त्यावर जिंकणारे आहेत. फक्त बंदर जवळ लागतं, नाहीतर चारास एक बदलण्यातच माल संपतो. दुसरी जागा रिकामी होती का कुठली?

गिरगावकरीण: वीट ९, लाकूड ४, मेंढी ३. ९ च ठिपके म्हणून सोडली.

पाटावरचा_भिडू: अरेरे. १२ आणि ९, २१ झाले असते, दोनच ठिपके कमी आणि पाचही माल. शिवाय दुसऱ्या वस्तीच्या तिन्ही बाजूंचा एकेक माल सुरुवातीलाच हातात मिळतो, वीट-लाकडाचा पुढचा रस्ता तिथेच झाला असता.

शब्दवेडी: दान म्हणजे देणं ना? फासा देतो म्हणून दान, असं मला वाटतं.

मुलुंडकर: काहीही. आमची आजी सारीपाटात 'दान पडलं' म्हणायची, कुणी कुणाला काही देत नव्हतं. आणि मागच्या वेळी माझ्या ८ चं दान एक तास पडलं नाही, मग पुढे पडायलाच हवं होतं की!

पाटावरचा_भिडू: फाशांना काय आठवतंय? पुढच्या फेकीलाही ३६ पैकी ५ च. सर्वात जास्त पडतं ते ७, ३६ पैकी ६ वेळा, आणि ते कुठल्याच जागेला काही देत नाही, उलट चोर हलतो.

शब्दवेडी: चोर नको, दरोडेखोर म्हणा. चोर लपून येतो.

गिरगावकरीण: अहो, पण मी नियमात वस्ती लिहू का ठाणं? सासूबाई आत्ताच म्हणाल्या, 'घर' लिही की सरळ.

मुलुंडकर: मग शहराला काय, मोठं घर? 😀