पीडी मोजताना एकच डोळा उघडा ठेवा

> "आरशात पट्टी धरून पीडी मोजली. कधी ५९ येतं, कधी ६२. ऑर्डरमध्ये कोणता आकडा टाकू?"

पीडी म्हणजे दोन्ही बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर, चष्म्याच्या ऑर्डरमध्ये ते मिमीमध्ये टाकावं लागतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून मोजत असाल, तर फरक त्यामुळेच पडतो. आरसा जवळ असला की बुबुळं नाकाकडे वळतात आणि आकडा कमी येतो.

आरशापासून वीतभर अंतरावर उभे राहा आणि पट्टी भुवयांवर आडवी टेकवा. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने आरशातल्या उजव्याच डोळ्याकडे पाहा आणि १० मिमीची खूण बाहुलीच्या मध्यावर आणा. (पट्टीची कड झिजलेली असते, म्हणून शून्यापासून मोजू नका.) आता डोकं, पट्टी काहीही न हलवता उजवा मिटून डाव्याने डाव्याकडे पाहा. तिथे ७२ दिसलं, तर पीडी ६२. असं चार-पाचदा करा. आकडे एक मिलिमीटरच्या आत आले तर सरासरी घ्या, नाहीतर डोकं हलतंय.

चष्म्याचा नंबर किती आहे? -१ ला ३ मिमीची चूक सहसा जाणवत नाही. -६ ला तीच चूक सुमारे १.८ प्रिझम होते, म्हणजे काच प्रतिमा बाजूला सरकवते आणि डोळे ओढल्यासारखे वाटतात. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या काचा असतील तर मात्र पट्टीवर विसंबू नका. त्यात प्रत्येक डोळ्याचं नाकापासूनचं अंतर आणि फ्रेममधली उंचीही लागते, ती दुकानातच मोजून घ्या.